वहीचं पान बदललं की कळतं कसं? बँकेतल्या माणसांसाठी ब्लॉकचेनची नोंद, पायरीपायरीने

कोअर बँकिंग येण्याआधी ज्यांनी शाखेत काम केलंय, त्यांना खातेवहीच्या पानाच्या तळाची 'पुढे नेले' ही ओळ आठवत असेल. तीच बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागून आणले' म्हणून यायची. बाराव्या पानावरचा आकडा कुणी खोडला तर तेराव्या पानाच्या माथ्याशी जुळत नसे आणि चोरी पकडली जायची. ही एक सवय नीट आठवली तर ब्लॉकचेन अर्धी समजली. कारण तीही एक वहीच आहे. ब्लॉक म्हणजे पान, आणि चेन म्हणजे एका पानाची दुसऱ्या पानाशी घातलेली गाठ.

पण जुन्या वहीला तीन भोकं होती. एक, एका पानावर शंभर कमी करून दुसरीकडे शंभर वाढवले की पुढची बेरीज पुन्हा जुळते. दोन, वही एकाच कपाटात असते, म्हणजे कपाटाची किल्ली ज्याच्याकडे त्याने सगळी पानं नव्याने लिहिली तर कुणाला कळणार? तीन, पुढचं पान कुणी लिहायचं हे ठरवायला एक हेडक्लार्क लागतो, आणि सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास असावा लागतो. ब्लॉकचेनमधल्या सगळ्या करामती या तीन भोकांना लावलेली ठिगळं आहेत. एकेक करून पाहू.

बेरजेच्या जागी ठसा

कागद आणि पेन्सिल घ्या. पानाच्या तळाशी बेरीज लिहिण्याऐवजी आपण एक 'ठसा' काढणार आहोत. संगणकवाले त्याला हॅश म्हणतात. आपला खेळण्यातला नियम असा:

```
(मागचा ठसा × 7) + (व्हाउचर क्रमांक × 13) + रक्कम
याला 97 ने भागा. जी बाकी उरेल तो नवा ठसा.
```

सोयीसाठी एका पानावर एकच व्हाउचर धरू. पहिल्या पानाच्या मागे पान नाही, म्हणून तिथे मागचा ठसा 0. पहिलं व्हाउचर 500 रुपयांचं: 0 + 13 + 500 = 513. याला 97 ने भागलं की बाकी 28. हा पहिल्या पानाचा ठसा, आणि तोच दुसऱ्या पानाच्या माथ्यावर जातो. दुसरं व्हाउचर 1200 चं: 28 × 7 = 196, अधिक 26, अधिक 1200, मिळून 1422; बाकी 64. असंच पुढे.

```
पान 1   रक्कम  500   मागचा ठसा  0   ठसा 28
पान 2   रक्कम 1200   मागचा ठसा 28   ठसा 64
पान 3   रक्कम  750   मागचा ठसा 64   ठसा 73
पान 4   रक्कम 2000   मागचा ठसा 73   ठसा 41
```

आता चोरी करून पाहा. दुसऱ्या पानावरचे 1200 खोडून 1100 करा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या पानाचा ठसा 64 चा 61 होतो. तिसऱ्या पानावर काहीही बदललं नाही, तरी त्याच्या गणितात मागचा ठसा आहे, म्हणून तिथे 73 ऐवजी 52 येतात. चौथ्यावर 41 ऐवजी 88. एका आकड्याला हात लावला आणि पुढची सगळी पानं बिघडली.

आता जुन्या वहीतली युक्ती वापरा. दुसऱ्या पानावर 100 कमी केलेच आहेत, तर तिसऱ्या पानावर 750 चे 850 करा. तीन पानांची बेरीज पुन्हा 2450 झाली. चौथ्या पानाच्या माथ्यावर 'मागून आणले 2450' असं लिहिलेलं असतं, तर कुणालाही संशय आला नसता. पण तिसऱ्या पानाचा ठसा आता 55 येतो. हवा होता 73. पहिलं भोक बुजलं.

आपला खेळण्यातला नियम मात्र कच्चा आहे, आणि तो कुठे कच्चा आहे हे पाहणंही उपयोगाचं. 1200 चे 1297 करा. बाकी पुन्हा 64 च येते, कारण बरोबर 97 वाढवले. ज्याला नियम ठाऊक आहे तो असा आकडा चुटकीसरशी शोधेल. म्हणून खऱ्या ब्लॉकचेनमध्ये वेगळा नियम असतो. बिटकॉइन एसएचए-256 नावाचा वापरतं. त्यातून निघू शकणाऱ्या ठशांची संख्या 78 अंकी आहे. शिवाय त्यात 97 सारखी पकडता येणारी फट आजवर कुणाला सापडलेली नाही. दिलेल्या मजकुरावरून ठसा काढणं क्षणाचं काम आहे. उलट, हवा तो ठसा देणारा मजकूर शोधायचा तर एकेक करून पाहत बसण्यापलीकडे मार्ग नाही.

हे घरच्या विंडोज संगणकावर करून पाहता येतं. (शाखेतल्या संगणकावर नको, तिथे कमांड चालवणं बहुधा बंद असतं, आणि ते योग्यच आहे.) नोटपॅडमध्ये `hello` एवढंच टाइप करा, पुढे एंटर न दाबता `a.txt` नावाने सेव्ह करा. मग त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ द्या:

```
certutil -hashfile a.txt SHA256
```

पडद्यावर हा ठसा येईल:

```
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
```

आता पहिलं अक्षर मोठं करून `Hello` लिहा आणि पुन्हा तीच कमांड द्या:

```
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

दोन्ही ठसे 64 अक्षरांचे, पण एकमेकांशी काही नातं नाही. तुमचा ठसा वेगळा आला तर बहुतेक शब्दानंतर एंटर दाबला गेलाय किंवा एखादी मोकळी जागा राहिलीय. ठशाच्या लेखी न दिसणारी मोकळी जागासुद्धा मजकूरच असते. हे लक्षात ठेवा, शेवटच्या भागात याचाच मोठा घोळ होणार आहे.

खऱ्या पानावर एक नाही, काही हजार नोंदी असतात. तेव्हा प्रत्येक नोंदीचा ठसा काढतात, दोन-दोन ठशांची जोडी लावून जोडीचा ठसा काढतात, मग जोड्यांच्या जोड्या, असं करत शेवटी अख्ख्या पानाचा एकच ठसा उरतो. तो, मागच्या पानाचा ठसा, वेळ आणि आणखी दोन-तीन आकडे मिळून पानाचा माथा तयार होतो. बिटकॉइनमध्ये हा माथा फक्त 80 बाइटचा असतो, म्हणजे मोबाइलवरच्या एका छोट्या मेसेजएवढा. पानांची साखळी या माथ्यांनी जोडलेली असते.

एक नोंद नेमकी कशी दिसते

समजा कुडचड्याचे दोन भाऊ. थोरला तारवटी आहे, परदेशी जहाजावर काम करतो. त्याने धाकट्याला 0.02 बिटकॉइन पाठवायचं ठरवलं. बँकवाल्याच्या मनात लगेच येईल: थोरल्याचं खातं नावे, धाकट्याचं खातं जमा. बिटकॉइनमध्ये असं होत नाही, कारण तिथे खातं आणि शिल्लक हे रकानेच नाहीत.

तिथे असतात पूर्वी मिळालेल्या आणि अजून न मोडलेल्या रकमा. खिशातल्या नोटा समजा. थोरल्याकडे 0.05 ची एक 'नोट' आहे. ती फाडून दोन करता येत नाही, अख्खी मोडावी लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 200 रुपयांची भाजी घेऊन पाचशेची नोट दिली की 300 सुटे परत येतात, तसंच. नोंद अशी होते; त्यातला पत्ता म्हणजे रक्कम घेण्यासाठीची अक्षरं-आकड्यांची ओळ:

```
आत      0.0500   थोरल्याला पूर्वी मिळालेली रक्कम
बाहेर   0.0200   धाकट्याच्या पत्त्यावर
बाहेर   0.0298   थोरल्याच्याच दुसऱ्या पत्त्यावर (सुटे)
```

आत 0.05 गेले, बाहेर 0.0498 आले. मधले 0.0002 कुठे गेले? ते शुल्क. पान लिहिणाऱ्याला ते मिळतं. नोंदीत शुल्काची ओळ नसते. आत आणि बाहेर यांतला फरक म्हणजेच शुल्क. यातून एक खरा धोका निघतो. सदोष किंवा हाताने बनवलेल्या नोंदीत सुट्यांची ओळ राहून गेली तर 0.03 बिटकॉइन मुकाट्याने शुल्कात जमा होतात, आणि ते परत देण्याची सक्ती कुणावर नाही. चांगलं वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळून नोंदी बनवणारं अ‍ॅप, ती ओळ आपोआप घालतं.

'शिल्लक किती' असं विचारल्यावर वॉलेट जो आकडा दाखवतं तो वहीत कुठेच लिहिलेला नसतो. तुमच्या पत्त्यांवरच्या न मोडलेल्या सगळ्या रकमांची ती बेरीज असते. (इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीत मात्र प्रत्येक पत्त्याची शिल्लक बँकेसारखी ठेवतात. सगळ्या साखळ्या एकसारख्या नाहीत.)

आता सही. शाखेत नमुना सहीचं कार्ड असतं आणि चेकवरची सही त्याच्याशी ताडून पाहतात. इथे दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्ली थोरल्याकडे, तिने तो सही करतो. उघडी किल्ली कुणालाही दिली तरी चालते, तिने सही तपासायची. डीएससीचं यूएसबी टोकन ज्यांनी वापरलंय त्यांना हे नवं नाही. कागदावरच्या सहीपेक्षा फरक हा की ही सही दर नोंदीला वेगळी निघते, कारण ती त्या नोंदीच्या ठशावरच केलेली असते. रक्कम किंवा पत्ता एका अक्षराने बदलला की सही खोटी ठरते. एका चेकवरची सही दुसऱ्या चेकवर गिरवण्याचा प्रकार इथे चालत नाही.

सही झालेली नोंद थोरल्याचं वॉलेट जवळच्या काही संगणकांना पाठवतं. ते तपासतात: आत दाखवलेली रक्कम वहीत खरोखर आहे का, ती आधी मोडलेली नाही ना, सही जुळते का, बाहेर जाणारं आत आलेल्यापेक्षा जास्त नाही ना. चारही ठीक असेल तर ते ती पुढच्या संगणकांना देतात. काही सेकंदांत ती जगभर पोचते आणि पान लिहिलं जाण्याची वाट पाहत पडून राहते. ही अवस्था म्हणजे काउंटरवर स्वीकारलेलं पण अजून पोस्ट न झालेलं व्हाउचर. पडद्यावर दिसतं, पण नोंद झालेली नाही.

हे संगणक काय तपासत नाहीत हेही पाहा. पैसे कशासाठी जातायत, घेणारा खरंच धाकटा भाऊ आहे की त्याचं सोंग घेतलेला भामटा, हे त्यांना दिसत नाही आणि ते विचारतही नाहीत.

पुढचं पान कुणी लिहायचं

दुसरं भोक होतं एकाच कपाटाचं. त्यावर उपाय सोपा आहे: वहीच्या हजारो प्रती ठेवायच्या. म्हापसा, फोंडा, मडगाव, काणकोण, प्रत्येक शाखेत अख्खी वही असली, तर म्हापशाची प्रत खोडून काय उपयोग? इतरांच्या ठशांशी ती जुळणार नाही. पण यातूनच तिसरी अडचण उभी राहते. मुख्य कचेरी नसेल तर पुढचं पान म्हापशाने लिहायचं की काणकोणने?

2008 च्या ऑक्टोबरमध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणात यावरचा तोडगा होता, आणि 3 जानेवारी 2009 ही तारीख असलेल्या पहिल्या पानापासून बिटकॉइन त्यावर चालतं. तोडगा असा: पान लिहायला मुद्दाम कष्टाची अट घालायची.

पुन्हा आपल्या कागदावर या. पहिल्या पानाचा ठसा 28 होता. आता अट घालू की ठसा 10 पेक्षा लहान असला तरच पान मान्य. त्यासाठी पानावर एक मोकळा आकडा लिहायची मुभा देऊ, आणि गणितात 'मोकळा आकडा × 29' मिळवू. मोकळा आकडा 1 धरला तर ठसा 57 येतो. 2 धरला तर 86, मग 18, 47, 76, आणि 6 धरल्यावर 8. मिळाला. सहा खेपा कराव्या लागल्या. पण तुमच्या सहकाऱ्याला पडताळणी करायला एकच खेप लागते: 513 अधिक 174, बरोबर 687, बाकी 8. करणाऱ्याला कष्ट, तपासणाऱ्याला क्षणभर. सारी मेख इथे आहे.

खऱ्या वहीत अट म्हणजे ठशाच्या सुरुवातीला बरीच शून्यं हवीत. बिटकॉइनच्या पहिल्या पानाचा ठसा असा आहे:

```
000000000019d6689c085ae165831e934ff763ae46a2a6c172b3f1b60a8ce26f
```

सुरुवातीची दहा शून्यं मोजा. या पानावरचा मोकळा आकडा आहे 2083236893. प्रत्येक वाढीव शून्यासाठी सरासरी सोळापट खेपा लागतात, आणि आजच्या पानांवर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त शून्यं असतात. हे काम करणाऱ्यांना मायनर म्हणतात. अट कमी-जास्त कडक होत राहते: दर 2016 पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, वही स्वतःच हिशेब करते आणि सरासरी दहा मिनिटांना एक पान पडेल अशी अट बांधते. ज्याला आधी उत्तर सापडलं तो ते पान लिहितो. त्याला त्यातली शुल्कं आणि नवं बिटकॉइन मिळतं. एप्रिल 2024 पासून दर पानाला हे नवं बिटकॉइन 3.125 आहे.

आता चोराच्या जागी उभं राहा. दहा पानांमागची नोंद बदलायची तर त्या पानाचा मोकळा आकडा पुन्हा शोधावा लागेल. मग त्यानंतरच्या प्रत्येक पानाचा, कारण सगळ्यांचे ठसे बिघडले. आणि हे सगळं चालू असताना बाकीचे मायनर पुढे नवी पानं लिहीतच आहेत. त्यांना गाठायला त्यांच्या एकूण ताकदीपेक्षा जास्त ताकद हवी. जुनी नोंद बदलणं अशक्य नाही. ती जितकी खोल गेली तितकं ते महाग पडतं, एवढंच.

पक्कं कधी समजायचं

कधीकधी पेडण्यातल्या आणि काणकोणातल्या मायनरला काही सेकंदांच्या अंतराने उत्तर सापडतं. दोघांची पानं नियमात बसणारी, दोन्ही एकाच पानाच्या पुढची. उत्तरेकडच्या शाखा पेडण्याचं पान चिकटवतात, दक्षिणेकडच्या काणकोणचं. वहीला दोन फांद्या फुटल्या. नियम असा की जिच्यामागे जास्त कष्ट, ती फांदी खरी. पुढचं पान ज्या फांदीवर पडतं ती लांब होते, सगळे तिकडे वळतात आणि दुसरं पान गळून पडतं. त्या पानावरच्या ज्या नोंदी जिंकलेल्या फांदीवर आल्या नसतील त्या पुन्हा वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत जातात.

म्हणून एका पानावर नोंद दिसली म्हणजे काम झालं असं धरू नये. नोंद असलेलं पान ही पहिली पुष्टी, त्यावर आणखी एक पान आलं की दुसरी. बिटकॉइनमध्ये मोठ्या रकमेसाठी सहा पुष्ट्यांची, म्हणजे साधारण तासाभराची वाट पाहायचा प्रघात आहे. मार्च 2013 मध्ये सॉफ्टवेअरच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीने एकाच पानाबद्दल वेगळा निर्णय दिला. फांद्या काही तास वेगळ्या वाढत राहिल्या आणि शेवटी एक सोडून द्यावी लागली. लहान साखळीत धोका जास्त, कारण तिथल्या एकूण ताकदीपेक्षा जास्त ताकद भाड्यानेही मिळू शकते. ऑगस्ट 2020 मध्ये इथेरियम क्लासिक या साखळीची 3 हजारांहून जास्त पानं अशी पालटली गेली. ग्राहक 'सहा पुष्ट्या झाल्या' म्हणाला, तर पहिला प्रश्न हवा: कुठल्या साखळीवर?

काउंटरवर हे कसं येतं

ग्राहक मोबाइल पुढे करतो. हिरव्या रंगात रक्कम, खाली लांबलचक क्रमांक. 'पैसे आलेत, खात्यात का दिसत नाहीत?' त्याला सांगायचं ते हे: ती वही आणि बँकेची वही वेगळ्या आहेत. त्या वहीतली नोंद कधीच आपोआप बँकेत जमा होत नाही. नाणी घेऊन रुपये देणाऱ्या मधल्या एक्स्चेंजने ते रुपये आयएमपीएस किंवा एनईएफटीने पाठवले तरच शाखेला काही दिसेल, आणि तेव्हाही शाखेला दिसते ती फक्त रुपयांची बाजू. भारतात 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेपासून असे व्यवहार करून देणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली येतात, म्हणजे केवायसी आणि संशयास्पद व्यवहार कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही आहे.

तरी नोंद पाहायचीच असेल तर स्क्रीनशॉटवर विसंबू नका. चित्र कुणीही बनवतो. ग्राहकाने पाठवलेली लिंकही उघडू नका, कारण खोट्या वेबसाइटवर हवी ती नोंद दाखवता येते. व्यवहार क्रमांक घ्या (बिटकॉइनमध्ये तो 64 अक्षरांचा ठसाच असतो), साखळीचं नाव विचारा, आणि त्या साखळीच्या नोंदी दाखवणाऱ्या माहितीतल्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून शोधा. मग तीन गोष्टी पाहा: पुष्ट्या किती, बाहेरच्या ओळीतला पत्ता खरोखर ग्राहकाचाच आहे का, आणि आलेलं नाणं मूळ नाणं आहे की त्याच नावाचं दुसऱ्याच कुणी बनवलेलं टोकन. तिसऱ्या गोष्टीत पुष्कळ लोक फसतात. वहीत नोंद खरी असते, पण जमा झालेली वस्तू शून्य किमतीची असते.

बिटकॉइनसारख्या वहीत रिव्हर्सल एंट्री नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत हवी तर तिकडच्या माणसाने स्वतःच्या किल्लीने नवी नोंद करून पाठवली पाहिजे. गुप्त किल्ली हरवली तर ती देणारी मुख्य कचेरी नाही. 'अडकलेली रक्कम सोडवायला आधी कर भरा' असं सांगून पैसे मागणारा म्हणूनच खोटा असतो: वहीत रक्कम अडकवून ठेवणारा, तुम्ही कर भरलात की सोडणारा असा कोणी अधिकारी बसलेला नाही. ग्राहक अशा मागणीपोटी रुपये पाठवायला आला असेल तर व्यवहार थांबवण्याची वेळ तीच. रुपये गेले असतील तर लगेच 1930 ला फोन आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार. रुपयांची बाजू थोडा वेळ तरी थांबवता येते. एकदा त्याचं नाणं होऊन वहीत गेलं की तो मार्ग बंद.

बँका आपसात वही ठेवतात तेव्हा

बँकांच्या कामात मायनर बहुधा नसतात. ठरावीक, एकमेकांना ओळखणाऱ्या बँका मिळून वही ठेवतात, प्रत्येकीकडे प्रत असते, आणि नियमात सांगितलेल्या बँकांच्या सह्या झाल्या की नोंद पानावर चढते. हे थेट मेकर-चेकरसारखं आहे, फक्त मेकर एका बँकेत आणि चेकर दुसऱ्या. त्यामुळे मोकळा आकडा शोधण्याचे कष्ट नाहीत, दहा मिनिटांची वाटही नाही. ठशांची साखळी मात्र तीच.

याचा एक चांगला उपयोग म्हणजे एकाच बिलावर दोन बँकांकडून उचल घेण्याला आळा. वेर्ण्यातल्या एका कारखानदाराने 18 लाखांचं बिल मडगावच्या एका बँकेत डिस्काउंट केलं आणि तेच बिल घेऊन वास्कोच्या दुसऱ्या बँकेत गेला, असं समजा. पहिल्या बँकेने बिलाचा ठसा सामायिक वहीत चढवला असेल, तर दुसऱ्या बँकेने तोच ठसा काढून शोधताच जुळणी सापडेल. पहिल्या बँकेचा ग्राहक कोण, रक्कम किती, हे तिला न सांगता.

आता सुरुवातीचा `hello` आणि `Hello` आठवा. मडगावच्या कारकुनाने बिल क्रमांक `INV-045` टाइप केला आणि वास्कोच्या कारकुनाने `INV/45`. दोन्ही ठसे पूर्ण वेगळे. वही म्हणेल, असं बिल इथे नाही. उचल दोनदा होईल आणि तीही तंत्रज्ञानाची मोहोर घेऊन. जुना कारकून डोळ्यांनी पाहून 'हे तेच बिल दिसतंय' म्हणाला असता; ठशाला 'सारखं दिसतंय' ही गोष्ट कळत नाही, एक तर तेच किंवा वेगळं. म्हणून अशी वही सुरू करण्याआधी सगळ्या बँकांनी बसून लिखाणाची शिस्त ठरवावी लागते: बिल क्रमांकातल्या रेघा आणि सुरुवातीची शून्यं काढायची की ठेवायची, तारीख कुठल्या क्रमाने, रक्कम पैशांसह की नुसते रुपये, जीएसटी क्रमांक मोठ्या अक्षरांत. शक्य तिथे हाताने टाइप करण्याऐवजी ई-इनव्हॉइसवरचा क्रमांक तसाच उचलावा.

दुसरी चूक गुप्ततेची. 'आम्ही आधार क्रमांक वहीत ठेवत नाही, फक्त त्याचा ठसा ठेवतो' हे ऐकायला सुरक्षित वाटतं, पण तसं नाही. आधार बारा अंकी आहे. शक्य असलेले सगळे क्रमांक एकेक करून ठसे काढायचे म्हटले तरी ते एक लाख कोटींपेक्षा कमीच, आणि हे आजच्या यंत्रांच्या आवाक्यात आहे. ठशावरून क्रमांक उलगडता येत नाही, पण सगळे क्रमांक करून पाहून जुळवता येतो. मोबाइल नंबरचं तर आणखी सोपं. असा छोटा, अंदाज बांधता येण्याजोगा मजकूर वहीवर ठशाच्या रूपातही चढवू नये. चढवायचाच असेल तर आधी त्याला लांबलचक गुप्त आकडा जोडून मग ठसा काढावा आणि तो आकडा वहीबाहेर ठेवावा. कारण चढलेली नोंद नंतर पुसायला कुणी गेलं, तर पुढच्या सगळ्या पानांचे ठसे बिघडतील.